लाडूचं रेफरल पत्र: यकृतातल्या शंटच्या संशयाचं पिल्लू तज्ज्ञांकडे पाठवताना

लाडू ही सात महिन्यांची शित्झू मादी. साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा आली 6 जानेवारी 2025 ला. वजन 3.1 किलो. तिच्याच वेताचा भाऊ शेजारच्या सोसायटीत आहे, तो तेव्हा सव्वापाच किलोचा झाला होता. तिला घेऊन आलेल्या, तिला सांभाळणाऱ्या काकूंची तक्रार वजनाची नव्हती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, जेवली की तास-दीड तासानं हिचं काहीतरी बिनसतं. लाळ गाळते, भिंतीला डोकं टेकून उभी राहते. रविवारी चिकनची कलेजी घातली, त्या दिवशी तर हाक मारली तरी बघेना."

वाढ खुंटलेलं पिल्लू, जेवणानंतर येणारी गुंगी, कलेजीच्या दिवशी जास्त त्रास. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पोर्टोसिस्टेमिक शंट मनात यायलाच हवा. आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल व्हेनमधून यकृतात जातं आणि तिथे अमोनियासारखी द्रव्यं गाळली जातात. शंट म्हणजे यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत उघडणारी जन्मजात आडवाट. न गाळलेलं रक्त मेंदूपर्यंत पोचतं, आणि जेवणात प्रथिनं जितकी जास्त तितकी गुंगी गडद. यकृताला रक्त कमी मिळतं, म्हणून ते लहान राहतं आणि पिल्लूही वाढत नाही. लहान जातींत ही आडवाट बहुधा यकृताच्या बाहेर असते, लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातींत बहुधा आत. बाहेरची असेल तर शस्त्रक्रियेनं ती बंद करता येण्याची शक्यता चांगली असते. पण ते काम माझ्या दवाखान्यातलं नाही. माझं काम पुण्यातल्या तज्ज्ञांना पत्र लिहिण्याचं. त्या पत्राला अकरा दिवस लागले. ते का लागले आणि पत्रात शेवटी काय राहिलं, ते इथे क्रमानं मांडते. नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांना आणि हातात अशी चिठ्ठी घेऊन निघालेल्या पालकांनाही ते उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी औषध दिलं नाही. काकूंना ते आवडलं नाही, आणि ते साहजिक होतं. पण लॅक्टुलोज हे अमोनिया उतरवणारं औषध सुरू केलं की लक्षणं आणि अमोनिया दोन्ही बदलतात, मग आधीचं चित्र कसं होतं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. पिल्लू उभं होतं, खात होतं, फिट आलेली नव्हती, म्हणून थांबणं शक्य होतं. कलेजी आणि मटण बंद केलं, दिवसाचं खाणं चार छोट्या वाट्यांत विभागलं आणि काकूंना दोन कामं दिली. एक, जेवणाची वेळ लिहून ठेवायची. दोन, पुढचा झटका आला की मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. तो 8 तारखेला रात्री मिळाला, चाळीस सेकंदांचा, जेवणानंतर सत्तर मिनिटांनी. पत्रात मी "डोकं टेकवते" असं शंभर शब्दांत लिहिलं असतं, त्यापेक्षा हे चाळीस सेकंद जास्त कामाचे ठरले.

7 जानेवारीला सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. आमच्याकडे नमुने माणसांच्या लॅबमध्ये जातात. संध्याकाळी रिपोर्ट आला आणि तिथूनच पत्राचा अवघड भाग सुरू झाला, कारण त्या रिपोर्टमधले तीन आकडे जसेच्या तसे पत्रात उतरवले असते तर तिन्ही फसवे ठरले असते.

पहिला आकडा एमसीव्हीचा, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराचा. तो 54 आला. रिपोर्टवर छापलेली मर्यादा माणसाची, 80 ते 100. त्या मर्यादेशी ताडलं तर प्रत्येक निरोगी कुत्र्याचा एमसीव्ही कमीच दिसतो, म्हणून आपल्याला तो लाल बाण दुर्लक्षून पुढे जायची सवय लागते. पण कुत्र्याची मर्यादा साधारण 60 ते 77 आहे, आणि 54 हा आकडा कुत्र्यासाठीही खरोखर कमी आहे. शंटमध्ये शरीरातल्या लोहाची ने-आण बिघडते आणि पेशी लहान राहतात, त्यामुळे हा पुरावा महत्त्वाचा. मात्र आपल्याकडच्या पिल्लांत लहान पेशींचं दुसरं एक अगदी नेहमीचं कारण आहे: हूकवर्म. त्यात लोह जातं आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही उतरतं, म्हणजे चित्र बरंचसं सारखंच. लाडूचं अल्ब्युमिन 2.2 होतं. त्यामुळे शी तपासून जंतांची अंडी नाहीत हे पाहिलं, जंताच्या औषधांच्या तारखा काकूंच्या पुस्तिकेतून घेतल्या आणि दोन्ही गोष्टी एमसीव्हीच्या शेजारीच लिहिल्या. रक्ताच्या स्लाइडवर गोचीडतापाचे जंतूही दिसले नाहीत, तेही तिथेच.

दुसरा आकडा युरियाचा, 9. यकृत अमोनियापासून युरिया बनवतं. अमोनिया यकृतापर्यंत पोचलाच नाही तर युरिया कमी भरतो. आपल्या लॅब कधी "युरिया" देतात, कधी "बीयूएन", आणि पत्र लिहिताना हात सवयीनं "बीयूएन 9" लिहून जातो. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन; युरियाला 2.14 नं भागलं की तो मिळतो. म्हणजे लाडूचा बीयूएन होता 4.2. कुत्र्यात बीयूएन साधारण 7 च्या वर असतो, तेव्हा 9 वाचणारा तज्ज्ञ "ठीक आहे" म्हणेल आणि 4.2 वाचणारा थांबेल. मी शब्दशः "युरिया 9 मिग्रॅ/डेसिलिटर, म्हणजे बीयूएन 4.2" असं लिहिलं.

तिसरा आकडा साखरेचा, 58. शंटच्या पिल्लांत साखर उतरते, म्हणून हा आकडा चित्रात अगदी चपखल बसत होता. पण नमुना लॅबमध्ये पोचायला चार तास लागले होते, आणि ट्यूब साध्या लाल झाकणाची होती. वेगळ्या न केलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात; तासागणिक ती घसरत जाते. 9 तारखेला पुन्हा, करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घेतलं: 84. पत्रात दोन्ही आकडे कारणासकट गेले. पहिला गाळला असता तर काकूंच्या फाइलमधला जुना रिपोर्ट पाहून तिकडे उगाच गोंधळ झाला असता.

बाकीचं थोडक्यात: यकृताचं एन्झाइम एएलटी 142, थोडं वाढलेलं, बिलिरुबिन 0.3, म्हणजे ठीक. एएलपी हे दुसरं एन्झाइम 210 होतं, पण वाढत्या हाडांमुळे पिल्लांत ते तसंही जास्त असतं, म्हणून त्याला वजन दिलं नाही.

9 जानेवारीला बाइल अॅसिडची तपासणी केली. ही तपासणी माणसांच्या मोठ्या लॅबमध्ये मिळते, कारण गरोदरपणातल्या कावीळसदृश त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ ती मागवतात. पित्तातली ही आम्लं आतड्यातून परत यकृतात यायची असतात; शंट असेल तर ती रक्तातच फिरत राहतात. उपाशीपोटी एक नमुना आणि खाल्ल्यावर दोन तासांनी दुसरा, असे दोन लागतात. तीन किलोच्या पिल्लाला बारा तास उपाशी ठेवताना मला भीती वाटते, म्हणून रात्री दहाला शेवटचं खाणं देऊन सकाळी आठला पिल्लू दवाखान्यात घेतलं आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवला. दहा तास झाले होते, तसंच पत्रात लिहिलं. मग नेहमीच्या खाण्याचे दोन चमचे, थोडं तेल घालून. स्निग्ध पदार्थाशिवाय पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, आणि भरपूर प्रथिनं घातली तर झटका आपणच आणतो. 8:20 ला खाल्लं, 10:20 ला दुसरा नमुना. रक्त बारीक सुईनं ओढून फुटलं तर आकडा बिघडतो, म्हणून मानेच्या शिरेतून सावकाश घेतलं.

नमुने बर्फात कुरिअरनं पुण्याला गेले. दोन तपासण्या आणि कुरिअर मिळून 2,600 रुपये झाले. मध्ये शनिवार-रविवार आणि संक्रांत आल्यानं निकाल 15 तारखेला हाती पडला. ते सहा दिवस काकूंना फार लांब गेले. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. उपाशीपोटी 78, खाल्ल्यानंतर 164 मायक्रोमोल प्रतिलिटर. त्या लॅबची मर्यादा माणसासाठी 10 होती. कुत्र्यात उपाशीपोटी साधारण 15 पर्यंत आणि खाल्ल्यावर 25 पर्यंत आपण चालवून घेतो.

इतका मोठा आकडा पाहिला की "शंट निश्चित" असं लिहावंसं वाटतं. ते मी टाळलं. बाइल अॅसिड वाढलेली असणं एवढंच सांगतं की यकृताला रक्त मिळत नाही किंवा यकृत आपलं काम करत नाही. पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्याच अपुऱ्या असतील तरी ती वाढतात, आणि लहान जातींत तसं दिसतं. यकृत आधी खराब होऊन पोर्टल व्हेनमधला दाब वाढला तर शरीर स्वतःच अनेक छोट्या आडवाटा काढतं. त्या बांधणं धोक्याचं असतं. अशा कुत्र्याच्या पोटात बहुधा पाणी असतं. लाडूच्या पोटात नव्हतं, आणि ते "नाही" मी पत्रात स्पष्ट लिहिलं. नसलेल्या लक्षणाचीही नोंद हवी, नाहीतर ते पाहिलंच नव्हतं असं वाचणारा धरून चालतो.

लघवीचं तेच. काकू सांगत होत्या की ती वारंवार बसते. ताजी लघवी अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तपकिरी-सोनेरी, काटेरी गोळ्यांसारखे अमोनियम युरेटचे स्फटिक दिसले. लघवी फ्रिजमध्ये ठेवली तर नसलेले स्फटिकही तयार होतात, त्यामुळे "ताजी, 30 मिनिटांत" हे तीन शब्द पत्रात हवेत. आयपीसमधून मोबाइलवर फोटो घेऊन जोडला. एक्स-रेत यकृताची सावली लहान होती. मूत्राशयात खडा दिसला नाही, पण युरेटचे खडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. "एक्स-रेत खडा नाही" असं वाक्य वाचणाऱ्याला निर्धास्त करतं. म्हणून लिहिलं: "एक्स-रेवरून खड्याबद्दल सांगता येत नाही, कृपया सोनोग्राफीत मूत्राशय पाहावं."

9 तारखेला दुसरा नमुना घेतल्यावर लगेच औषधं सुरू केली. लॅक्टुलोज 1.5 मिली दिवसातून तीनदा, म्हणजे किलोमागे जवळपास अर्धा मिली. मऊ शी दिवसातून दोन-तीनदा व्हावी एवढंच हवं. पाण्यासारखी झाली तर मात्रा कमी. मेट्रोनिडॅझोल किलोमागे 7.5 मिग्रॅ दिवसातून दोनदा. 5 मिलीत 200 मिग्रॅच्या सस्पेन्शनमधून हे 0.6 मिली भरतं. अशक्त यकृतात हे औषध साचतं आणि जास्त झालं तर तेच मेंदूला त्रास देतं, म्हणून नेहमीच्या मात्रेपेक्षा कमी. माणसांची कोणतीही सिरप वापरताना बाटलीवर झायलिटॉल लिहिलंय का ते बघा. हा गोडवा कुत्र्याची साखर धोकादायकरीत्या पाडतो आणि यकृतालाही मारतो. खाण्यात पनीर, अंडं, भात, थोडं चिकन. प्रथिनं पूर्ण बंद करायची नसतात, अल्ब्युमिन 2.2 असलेल्या वाढत्या पिल्लाला ती लागतातच. चार दिवसांत झटके थांबले.

15 तारखेच्या रात्री पत्राचा पहिला खर्डा लिहिला. त्यात शेवटची ओळ होती, "शंटचा संशय, कृपया पुढील तपासणी व उपचार करावेत." सगळ्या चिठ्ठ्यांवर असते ती ओळ. दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आलं की मी तज्ज्ञांना काहीच विचारलेलं नाही. त्यांना पिल्लू पोचण्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: सीटीची वेळ राखून ठेवावी का, भूल देण्यात काय धोका आहे, आणि पालकांची तयारी कुठवर आहे. पत्राची रचना मग त्या क्रमानं बदलली. 17 जानेवारीला, शुक्रवारी, ते ईमेलनं गेलं. मूळ पत्र इंग्रजीत होतं. त्याची पहिली काही वाक्यं मराठीत अशी होतील:

"शित्झू, मादी, वंध्यीकरण न झालेली, 7 महिने, 3.1 किलो. विनंती: सीटी अँजिओग्राफी, आणि यकृताबाहेरचा एकच शंट असल्यास शस्त्रक्रियेबद्दल सल्ला. जेवणानंतर 60 ते 90 मिनिटांनी गुंगी, लाळ, डोकं टेकणं. 20 दिवसांत 5 वेळा. फिट कधीच नाही. 9 जानेवारीपासून लॅक्टुलोज व मेट्रोनिडॅझोल. 13 तारखेनंतर लक्षणं नाहीत. सोबतच्या सर्व रक्ततपासण्या औषधांच्या आधीच्या आहेत."

ते शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका. तारखा जुळवून वाचणाऱ्यालाही ते कळलं असतं, पण त्यासाठी दहा मिनिटं गेली असती.

त्यानंतर आकडे आले, प्रत्येकासोबत एकक आणि कुत्र्याची मर्यादा. मग "न केलेलं" असा एक परिच्छेद. अमोनिया केला नाही, कारण नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करून थोड्याच वेळात यंत्रावर चालवावा लागतो, आणि तशी सोय इथे जवळ नाही. रक्त गोठण्याची तपासणी केली नाही. शिरेतून रक्त घेतल्यावर जास्त वेळ रक्तस्राव झाला नाही. सोनोग्राफी केली नाही, कारण इथे इतक्या लहान कुत्र्यातली पोर्टल व्हेन पाहण्याचा सराव असलेलं कुणी नाही. हा परिच्छेद लिहिताना संकोच वाटतो, आपण अपुरे पडलो असं दिसेल म्हणून. पण तज्ज्ञांच्या उत्तराची पहिली ओळ याच परिच्छेदाला धरून होती: अमोनिया आणि गोठण्याची तपासणी ते त्याच दिवशी सकाळी करतील, सीटीच्या आधी.

भुलीबद्दल एक वेगळी ओळ होती. काकूंना लाडूचं वंध्यीकरण जानेवारीतच करून हवं होतं. मी ते थांबवलं होतं, कारण शंट असलेलं पिल्लू भुलीतून फार उशिरा शुद्धीवर येतं. काही कुत्र्यांत शंट पहिल्यांदा असाच लक्षात येतो. पत्रात विचारलं की शस्त्रक्रिया झाली तर त्याच भुलीत वंध्यीकरण करता येईल का. हा दोष आनुवंशिक असू शकतो, तेव्हा हिची पिल्लं होऊ द्यायची नाहीत हे काकूंनाही पटलं होतं. आणखी एक प्रश्न, फिट कधी आलेली नसताना शस्त्रक्रियेआधी लेव्हेटिरासेटाम हे फिटवरचं औषध सुरू करावं का. शंट बंद केल्यावर काही कुत्र्यांना पहिल्या काही दिवसांत फिट येतात, आणि याबाबत प्रत्येक सर्जनची पद्धत वेगळी असते.

खर्चाचा परिच्छेद आम्ही सहसा पत्रात घालत नाही. मी काकूंना विचारून घातला. "त्यांना स्पष्ट लिहा," त्या म्हणाल्या, "ऐंशी हजारांपर्यंत माझी तयारी आहे, पण आधी सीटी, मग मी ठरवीन." तसंच लिहिलं. आणि मी त्यांना काय सांगितलंय तेही: शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका आहे, औषधांवरही काही कुत्री काही वर्षं बरी राहतात, आणि सीटीत शस्त्रक्रियेजोगं काही न निघण्याची शक्यता आहे.

जोडपत्रांत रिपोर्टच्या पीडीएफ होत्या. मोबाइलनं काढलेल्या फोटोत नेमका मर्यादेचा रकाना कापला जातो. एक्स-रे डायकॉम फाइलमध्ये मागून घेतले, खिडकीला धरून काढलेल्या फिल्मच्या फोटोत यकृताची कड कळत नाही. लसीकरणाच्या पुस्तिकेचं पानही, स्टिकर दिसतील असं, कारण डिस्टेंपरमध्येही मेंदूची लक्षणं दिसतात आणि ती शंका पत्र वाचतानाच मिटलेली बरी.

सोमवारी 20 तारखेला उत्तर आलं, वेळ मिळाली 29 जानेवारीची. प्रवासासाठी काकूंना सांगितलं होतं की उपास किती तास ठेवायचा हे तज्ज्ञांकडूनच विचारा, स्वतःहून आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवू नका. वाटेत गुंगी आली तर तोंडात द्रव ओतायचा नाही, हिरड्यांना मध चोळायचा आणि फोन करायचा. त्याची गरज पडली नाही. सल्ला, रक्ततपासण्या आणि भुलीसकट सीटी मिळून 19,800 रुपये झाले. प्लीहेच्या शिरेतून निघून थेट मोठ्या शिरेत उघडणारी, यकृताबाहेरची एकच आडवाट सापडली. मूत्राशयात एक छोटा खडाही होता, जो सोनोग्राफीत दिसला.

शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी, 20 फेब्रुवारीला. औषधांवर पिल्लू आणखी स्थिर व्हावं म्हणून हा अवधी होता. शिरेभोवती सेलोफेनची पट्टी लावली. तिच्यामुळे आजूबाजूला तंतू वाढतात आणि शीर आठवड्यांच्या कालावधीत हळूहळू आवळते. एकदम बांधली तर पोर्टल व्हेनमधला दाब अचानक चढतो. वंध्यीकरण आणि खडा काढणं त्याच भुलीत झालं. लेव्हेटिरासेटाम त्यांनी दोन दिवस आधी सुरू करून घेतलं. तिसऱ्या दिवशी घरी.

परतीच्या पत्रात माझ्यासाठी तीन सूचना होत्या: पहिल्या आठवड्यात फिट किंवा पोट फुगणं दिसलं तर त्याच दिवशी कळवावं, लॅक्टुलोज आपणहून बंद करू नये, आणि तीन महिन्यांनी बाइल अॅसिड याच लॅबमध्ये, याच पद्धतीनं करावी. 22 मेला केली. रात्री दहाला शेवटचं खाणं, दोन चमचे, थोडं तेल, दोन तास. उपाशीपोटी 13, खाल्ल्यानंतर 38. एमसीव्ही 63, युरिया 24, म्हणजे बीयूएन 11.2. वजन 4.4 किलो. 38 हा आकडा अजून मर्यादेच्या वर आहे, पण शस्त्रक्रिया चांगली होऊनही अनेक कुत्र्यांत तो वरच राहतो, हे काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं. लॅक्टुलोज आता कमी करत न्यायचं का, हे विचारणारं पत्र त्याच संध्याकाळी पुण्याला पाठवलं. त्यातही पहिल्या ओळीत विनंती, आणि आकड्यांखाली एक वाक्य: हे नमुने लॅक्टुलोज चालू असतानाचे आहेत.